प्राणप्रतिष्ठा आणि वशीकरण

कल्याणहून कसाऱ्याकडे लोकल निघाली की पहिलं स्टेशन शहाड. त्या काही मिनिटांच्या प्रवासातही डब्याच्या पत्र्यावर चिकटवलेला पोस्टकार्डाएवढा कागद नजरेला पडतो. त्यावर एखाद्या ‘तांत्रिका’चं नाव, मोबाइल नंबर आणि हमी असते. प्रेमविवाह, सवत, कोर्टाचं काम, बुडालेला धंदा, सगळ्यावर चोवीस तासांत खात्रीशीर उपाय. तंत्र म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी हा कागद येतो. त्याच्या मागोमाग कवट्या, स्मशान आणि काळे कपडे येतात. अलीकडे शहरी जाहिरातींमधून तंत्राचं आणखी एक रूप दिसू लागलं आहे, कामसुखाच्या शिबिरांचं.

शहाडमधल्या एका घरात हरतालिकेच्या संध्याकाळी असाच एक सोलून आणलेला कागद टेबलावर पडला होता. तो आणणारा भाचा अंधश्रद्धेविरोधात प्रबोधनाचं काम करतो आणि शाळा-कॉलेजांत, मंडळांत व्याख्यानं देतो. समोर बसलेली त्याची आत्या आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाली आणि आता पौरोहित्य करते. ती दुर्वांच्या जुड्या बांधत होती.

“आत्या, या गणपतीत मंडळानं मला बोलायला सांगितलंय. विषय घेतलाय, तंत्र म्हणजे फसवणूक.”

“मग उद्या पहाटेपासून मी घरोघरी फसवणूक करत फिरणार तर. उद्या मी जे करणार आहे, त्यातला निम्मा भाग तंत्राचा आहे.”

भाच्याला हे पटलं नाही. गणपतीची पूजा म्हणजे पूजा, त्यात तंत्र कुठून आलं, असं तो म्हणाला. आत्यानं पूजेची पोथी त्याच्यापुढे सरकवली आणि प्राणप्रतिष्ठेचं पान काढून दिलं.

बाजारातून आणलेली मूर्ती या विधीआधी माती असते. पुरोहित तिच्या हृदयाला हात लावतो आणि आधी मंत्राची ओळख सांगतो. त्याचे ऋषी कोण, छंद कोणता, देवता कोणती. मग बीज ‘आं’, शक्ती ‘ह्रीं’, कीलक ‘क्रौं’. त्यानंतर य, र, ल, व, श, ष, स, ह ही अक्षरं अनुस्वार लावून उच्चारली जातात आणि मूर्तीत प्राण, जीव व इंद्रियं येऊन राहोत असं म्हटलं जातं. माणसाला गर्भाधानापासून संस्कार होतात, तसे मूर्तीलाही व्हावेत म्हणून पंधरा वेळा ओंकार होतो. शेवटी तुपात बुडवलेली दुर्वा डोळ्यांना लावून डोळे उघडले जातात. पुढच्या सोळा उपचारांना पुरुषसूक्ताच्या ऋचा आहेत, तो भाग वैदिक. पण ‘ह्रीं’ आणि ‘क्रौं’ ऋग्वेदाच्या सूक्तांत सापडत नाहीत. हा प्राणप्रतिष्ठेचा मंत्र ‘शारदातिलका’सारख्या तंत्रग्रंथांत आपल्या विधीसकट सांगितला आहे.

“आणि हे फक्त गणपतीत नाही,” आत्या म्हणाली. “तू लहानपणी रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणायचास. तिची सुरुवात आठव.”

भाच्याला ती पाठ होती. बुधकौशिक ऋषी, अनुष्टुभ छंद, सीता शक्ती, हनुमान कीलक. त्यानंतर डोक्यापासून पावलांपर्यंत एकेका अवयवाचं रक्षण एकेका नावावर सोपवलेलं. तंत्रात या प्रकाराला कवच म्हणतात. अथर्वशीर्षातही एक जागा अशीच आहे. तिथे ‘गं’ या बीजाची अक्षरशः फोड केली आहे, आधी ग, मध्ये अ, शेवटी अनुस्वार. आणि त्याच स्तोत्रात गणपती मूलाधारात राहतो असंही सांगितलं आहे. बीजाची फोड आणि मूलाधार या दोन्ही गोष्टी मंत्रशास्त्राच्या. महाराष्ट्रातली मुलं त्या वाचायला शिकण्याआधी तोंडपाठ करतात.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं खरा प्रश्न काढला. “समजा, हे तंत्र आहे. म्हणून ते खरं ठरतं का? मातीला हात लावून अक्षरं म्हटली तर मातीत जीव येतो, हे तू मुलांना शिकवशील?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि आत्यानं तो टाळलाही नाही.

“येत नाही. रसायनशास्त्राच्या अर्थानं माती मातीच राहते, आणि ग्रंथही वेगळं म्हणत नाहीत. ते काय करायला सांगतात ते बघ. देवीच्या तांत्रिक पूजेत आधी भूतशुद्धी असते. साधकानं डोळे मिटून आपलंच शरीर ‘यं’ या वायूच्या बीजानं सुकवायचं, ‘रं’ या अग्नीच्या बीजानं जाळायचं, ‘वं’ या पाण्यानं भिजवायचं आणि ‘लं’ या पृथ्वीनं पुन्हा घट्ट करायचं. सगळं मनात. मग न्यास. बोटं, हृदय, मस्तक, शेंडी, डोळे यांना स्पर्श करून तिथे मंत्र ठेवायचे. म्हणजे पूजा करणारं शरीर आधी देवाचं होतं. त्यानंतर हातात फूल घ्यायचं, हृदयातली देवता श्वासाबरोबर नाकपुडीतून त्या फुलावर आली असं चिंतायचं आणि ते फूल मूर्तीवर ठेवायचं. पूजा संपली की उलट. फूल उचलून हुंगायचं आणि देवतेला परत हृदयात घ्यायचं.”

“म्हणजे देव बाहेरून येत नाही?”

“या पद्धतीत नाही. तुझ्यातूनच जातो आणि तुझ्यातच येतो.”

घरच्या गणपतीच्या पूजेत हे सगळं इतक्या विस्तारानं होत नाही. भूतशुद्धी कधी संकल्पातल्या एका शब्दापुरती उरते आणि न्यास पुरोहितानं झटपट उरकलेला असतो. पण रचना तीच आहे. म्हणूनच दीड दिवसानं किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा झाली की तीच मूर्ती नदीत सोडताना कुणाला देव फोडल्यासारखं वाटत नाही. प्राणप्रतिष्ठा आणि उत्तरपूजा यांच्या मधल्या काळातच ती गणपती असते. हा हिशेब न समजता विसर्जनावर टीका करणारे आणि विसर्जनाचा अभिमान बाळगणारे, दोघांच्याही हातून विधीचा गाभा निसटतो.

इथून बोलणं तत्त्वज्ञानाकडे वळलं, कारण विधीतला हा श्वास आणि तंत्राचं दर्शन यांत आत्याला फरकच दिसत नव्हता. इसवी सन हजारच्या आसपास काश्मीरमध्ये अभिनवगुप्तानं ‘तंत्रालोक’ लिहिला. त्याची सदतीस आन्हिकं आहेत. स्त्री-पुरुष संयोगाचा, मद्यमांसाचा ज्यात समावेश आहे तो कौल विधी एकोणतिसाव्या आन्हिकात येतो. दुसऱ्या ते पाचव्या आन्हिकांत मुक्तीचे उपाय आहेत. सुरुवातीला कसलाच उपाय न लागणारा साधक, मग केवळ इच्छेच्या एका झेपेनं पोचणारा, त्यानंतर विचार शुद्ध करत जाणारा आणि शेवटी श्वास, शरीर, मंत्र, बाह्य पूजा यांचा आधार घेणारा. ज्याला विधीची गरज नाही, त्याला सर्वांत आधी जागा दिली आहे. पुढे दीक्षेवर आन्हिकंच्या आन्हिकं आहेत. आजच्या जाहिराती सदतिसांपैकी ज्या एका आन्हिकाचा डांगोरा पिटतात, त्या आन्हिकातल्या विधीलाही अभिनवगुप्तानं पात्र साधकाची कडक अट घातली आहे.

“काश्मीर लांब आहे,” भाचा म्हणाला.

“अमृतानुभव लांब नाही ना? ज्ञान हेसुद्धा बंधन आहे, हे मांडताना ज्ञानदेव नाव घेऊन शिवसूत्रांचा हवाला देतात. शिवसूत्रं हा काश्मिरी शैवांचा मूळ ग्रंथ. आणि ज्ञानदेवांची गुरुपरंपरा सांग.”

आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ. त्यातला मत्स्येंद्र म्हणजे तांत्रिक कौल परंपरेचा आद्य गुरू मानला गेलेला मच्छंद, आणि अभिनवगुप्तानं ‘तंत्रालोका’च्या आरंभी त्यालाच वंदन केलं आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होण्याचं जे लांबलचक वर्णन आहे, ते गीतेच्या मूळ श्लोकांत नाही. ते नाथांकडून आलं. शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलापुढे हात जोडणारा वारकरी ज्या ग्रंथाला माउली म्हणतो, त्यातलंच हे पान आहे. ज्ञानदेवांनी कौलांचं मद्यमांस घेतलं नाही. त्यांनी घेतला तो शिव आणि शक्ती हे एकाच तत्त्वाचे दोन भास आहेत हा विचार, आणि अमृतानुभवाचं पहिलं प्रकरण त्यांनी त्यालाच दिलं.

तंत्राचा आवाका ध्यान आणि देवघर यांच्याही बाहेर जातो. दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे १००८ सालचा ताम्रपट सिंधुदुर्गातल्या खारेपाटणला मिळाला. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, म्हणजे हा ताम्रपट त्याच्याही अर्धशतक आधीचा. या ताम्रपटात अव्वेश्वराच्या पूजेसाठी, मंदिराच्या दुरुस्तीसाठी आणि तपस्व्यांच्या अन्नवस्त्रासाठी दान दिलेलं आहे. दान घेणारे आचार्य मत्तमयूर परंपरेचे होते. हे शैव सिद्धांताचे संन्यासी, आगम म्हणजे शैव तंत्रं हा त्यांचा आधार, आणि त्यांचे मठ मध्य भारतापासून दक्षिणेपर्यंत पसरलेले होते. त्यांचा विचार ज्ञानदेवांच्या उलट आहे. शिव आणि जीव कायम वेगळे, जीवाला चिकटलेला मळ ज्ञानानं जात नाही, दीक्षेच्या विधीनंच जातो. अद्वैत आणि द्वैत, विधी अनावश्यक आणि विधी अटळ, ही दोन्ही टोकं तंत्रातच आहेत. म्हणून ‘तंत्र असं सांगतं’ असं कुणी ठोकून बोललं, तर कोणतं तंत्र हे विचारायला हवं.

भाच्यानं एवढं ऐकून घेतलं. पण तो ज्या कामात होता, तिथे त्यानं माणसं लुबाडली गेलेली पाहिली होती, आणि त्याचा राग खरा होता.

“तू चांगलं चांगलं निवडून सांगते आहेस. मारण, उच्चाटन, वशीकरण हे शब्द त्या कागदावाल्यानं शोधले का?”

“नाही. तेही ग्रंथांत आहेत.”

पुष्कळ अभ्यासकही हे कबूल करायला कचरतात, पण आत्या कचरली नाही. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण ही सहा कर्मं मंत्रग्रंथांत वेगळी नोंदलेली आहेत. कोणत्या कर्माला कोणती दिशा, कोणता रंग, कोणतं आसन आणि कोणतं होमद्रव्य हेही दिलेलं आहे. ज्या ‘शारदातिलका’त प्राणप्रतिष्ठा आहे, त्यातच ही सहा कर्मंही आहेत. दुसऱ्याला इजा करायचे उपाय परंपरेनं लिहून ठेवले, राजांनी ते शत्रूवर करवून घेतले, आणि त्यांच्या भीतीवर पोट भरणारे लोक प्रत्येक काळात होते. तंत्राची बाजू घ्यायची म्हणून हा भाग झाकणं हीसुद्धा एक लबाडीच ठरेल.

“मग माझं व्याख्यान चूक कुठे?”

“तू सहा कर्मांना सगळं तंत्र म्हणतोस, तिथे. ग्रंथ स्वतःच त्यांना काम्य म्हणतात, म्हणजे इच्छेपोटी केलेली. मोक्षाच्या वाटेवर ती खालच्या पायरीवर धरली आहेत.”

यावर भाच्यानं महाराष्ट्रातलंच एक उदाहरण काढलं, आणि ते बिनतोड होतं. शिवाजी महाराजांचा वैदिक राज्याभिषेक गागाभट्टांनी रायगडावर ६ जून १६७४ रोजी केला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललितापंचमीला, निश्चलपुरी गोसावी यांनी महाराजांना दुसरा, तांत्रिक राज्याभिषेक केला. अनिरुद्ध सरस्वती यांचा ‘शिवराज्याभिषेककल्पतरू’ हा संस्कृत ग्रंथ त्याबद्दल सांगतो. पहिल्या सोहळ्यात उणिवा राहिल्या, त्यामुळे अपशकुन झाले, असा निश्चलपुरींचा दावा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत सेनापती प्रतापराव गुजर पडले होते, मार्चमध्ये राणी काशीबाई वारल्या होत्या, आणि राज्याभिषेकानंतर दोन आठवड्यांच्या आत जिजाबाई गेल्या होत्या.

“बघ,” भाचा म्हणाला, “घरात मृत्यू झालाय, माणूस दुःखात आहे, आणि कुणी येऊन सांगतो की दोष राहिलाय, मी काढतो. कागदावाला हेच करतो. प्रतापराव आणि काशीबाई तर राज्याभिषेकाच्या आधीच गेले होते. ज्या सोहळ्यानं दोष निर्माण झाला म्हणतात, त्याच्या आधीच्या मृत्यूंचं कारण तो सोहळा कसा असेल?”

आत्यानं ही टीका मान्य केली. निश्चलपुरींचा अपशकुनांचा युक्तिवाद कमकुवतच आहे. पण ती म्हणाली, त्या ग्रंथात अपशकुनांखेरीज आणखीही काही आहे. गागाभट्टांनी रायगडच्या शिर्काई देवीसारख्या स्थानदेवतांची पूजा केली नाही, हाही त्यात आक्षेप आहे. वैदिक विधीसाठी आधी क्षत्रियत्व सिद्ध करावं लागलं. त्यासाठी राज्याभिषेकाच्या काही दिवस आधी महाराजांची मुंज झाली, आणि तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. तांत्रिक अभिषेकाचा पाया वेगळा आहे. तिथे अधिकार जन्मातून किंवा मुंजीतून येत नाही. तो दीक्षेतून येतो, आणि दीक्षा तत्त्वतः सर्व वर्णांना व स्त्रियांना खुली आहे. राजाची सत्ता तिथे त्या भूमीच्या देवतांशी, शक्तीशी बांधली जाते. किल्ल्याच्या देवीला मान देणारा हा विधी मावळातल्या शिपायाला आणि कोकणातल्या कुणब्याला परका वाटला नसता.

“म्हणजे राजकारण.”

“राजकारणही. महाराजांनी दोन्ही सोहळे करून घेतले. एकामुळे उत्तरेचे पंडित आणि दक्षिणेचे सुलतान यांना उत्तर मिळालं, दुसऱ्यामुळे गोसावी, शाक्त आणि गावदेवतांचं जग राज्याशी जोडलं गेलं.”

हे आत्याचं अनुमान आहे. महाराजांच्या मनात काय होतं याचा कागद नाही. पण आजच्या पाठ्यपुस्तकी आठवणीत ६ जूनचा सोहळा ठळक आणि २४ सप्टेंबरचा पुसट आहे, आणि त्यामागे तंत्राविषयीची ओशाळलेली भावना आहे, असं प्रस्तुत लेखकाचंही मत आहे. घडलेला राज्याभिषेक शरमेनं बाजूला ठेवायचं काही कारण नाही.

मग फसवणूक ओळखायची कशी? या जागी मात्र भाचा जाणकार होता आणि आत्या ऐकत होती. त्यानं सांगितलेला क्रम असा. पहिली भेट स्वस्त किंवा फुकट. त्यात माणसाची अडचण त्याच्याच तोंडून काढून घेतली जाते आणि थोड्या वेळानं ती अंतर्ज्ञानानं कळल्यासारखी त्यालाच परत ऐकवली जाते. मग दोष सापडतो, आणि तो कुणी जवळच्या माणसानं, बहुधा घरातल्या एखाद्या बाईनं केलेला निघतो. त्यानंतर घरात कुणाला सांगू नका, नाही तर उपाय उलटेल, अशी अट येते. या टप्प्यावर माणूस एकटा पडतो. पुढे रक्कम वाढत जाते, आणि उपाय लागू पडला नाही तर दोष मोठा निघाला असं सांगून आणखी पैसे मागितले जातात. बाई एकटी असेल तर पुढचं शोषण इथूनच सुरू होतं.

“यातलं शास्त्रात काय बसतं?” त्यानं विचारलं.

“काहीच नाही,” आत्या म्हणाली. “साधकाचा मंत्र गुप्त असतो, पण पैशाचा व्यवहार गुप्त ठेवा असं कुठे नाही. आणि मंत्र तुझ्यासाठी दुसऱ्यानं फोनवरून चालवायचा नसतो, दीक्षा घेऊन तूच वर्षानुवर्षं जपायचा असतो.”

भाच्याला यातलं शेवटचं वाक्य व्याख्यानासाठी हवं होतं. पण त्यानं एक अट घातली. आत्यानं ज्या घरी पूजा सांगायला जायचं, तिथे कुणी ‘यानं नोकरी लागेल ना?’ असं विचारलं, तर गप्प राहायचं नाही; नाही म्हणून सांगायचं. आत्यानं ते मान्य केलं. तिनंही एक मागितलं. व्याख्यानाचा विषय बदल, ‘तंत्र म्हणजे फसवणूक’ऐवजी ‘तंत्राच्या नावानं फसवणूक’ असं म्हण. भाचा लगेच तयार झाला नाही. मारणविद्या लिहून ठेवणाऱ्या परंपरेला एवढी सूट का द्यायची, हा त्याचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला, आणि तो चुकीचा नाही.

कायद्यानं हा पेच बऱ्यापैकी नेमका सोडवला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कुठल्या दर्शनावर किंवा पूजापद्धतीवर बंदी घालत नाही. घरातली पूजा, यात्रा, कीर्तन यांना त्यानं हात लावलेला नाही. त्यानं ठरावीक कृत्यं गुन्हा ठरवली आहेत: नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या दाव्यानं लुबाडणं, अलौकिक शक्तीच्या नावानं शोषण. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. कायद्यात यासाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. लोकलमधल्या कागदावरचा नंबर फिरवून कुणी तुमच्या ओळखीचं माणूस असं अडकलं असेल, तर त्याला शहाणपण शिकवत बसू नका. त्याच्याबरोबर जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि तक्रारीत ही कृत्यं नावानिशी लिहा.